‘बघू’, ‘कळवतो’ आणि ‘उद्या अकरानंतर या’: उत्तरांच्या शब्दांवरून आजचे फोन ठरवण्याचे एक प्रकरण

घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवून देणाऱ्या एका छोट्या व्यवसायाचे हे प्रकरण आहे. मी अशा दोन-तीन व्यवसायांसोबत काम केले असून त्यांचे अनुभव येथे एकत्र गुंफले आहेत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत. गाव नाशिक परिसरातले समजावे. माणसे पाच: मालक, कार्यालय सांभाळणाऱ्या एक ताई, जागा पाहायला जाणारे दोन तंत्रज्ञ आणि जोडणीचे काम करणारा एक वायरमन. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाल्यापासून चौकशा एकदम वाढल्या होत्या. उन्हाळ्यात, म्हणजे पंखे आणि कूलर यांची बिले हातात पडू लागली की, त्या आणखी वाढत. प्रदर्शनातल्या टेबलावर नंबर लिहून दिलेले, फेसबुकवरच्या जाहिरातीखाली नंबर सोडलेले आणि जुन्या ग्राहकांनी सुचवलेले, अशा सगळ्यांना ताई व्हॉट्सॲपवर पहिला निरोप पाठवत. रोज दहा-पंधरा जणांची उत्तरे येत.

अडचण उत्तरे येत नसल्याची नव्हती. एका गंभीर चौकशीवर नीट काम करायचे तर बिल वाचणे, वापर किती युनिटांचा आहे ते पाहणे, फोनवर वीस मिनिटे बोलणे आणि जागा पाहण्याची वेळ ठरवणे एवढे करावे लागते. ताई आणि मालक मिळून दिवसाला असे फार तर पाच फोन करू शकत. उरलेल्या दहा जणांना दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी फोन जाई आणि त्यांतले काही जण ‘अहो, आम्ही काल दुसऱ्यांना ॲडव्हान्स दिला’ असे सांगत. कोणते पाच आधी, हा निर्णय रोज घ्यावाच लागे. प्रश्न एवढाच होता की तो कशाच्या आधारे घ्यायचा.

तोपर्यंत तो निर्णय नकळत दोन गोष्टींवर होत असे. जे उत्तर सर्वांत वर दिसे, म्हणजे सर्वांत शेवटी आलेले, त्याला आधी फोन जाई, कारण व्हॉट्सॲपची यादी तशीच लागते. दुसरे म्हणजे जो गोड बोले त्याला आधी फोन जाई. ‘खूप छान माहिती दिलीत, मनापासून धन्यवाद’ असे वाचले की कोणालाही त्या माणसाशी बोलावेसे वाटते. मालकांचा तर ठाम समज होता की उत्साही उत्तर म्हणजे पक्के गिऱ्हाईक. हा समज तपासल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता.

जुन्या उत्तरांचे वाचन

मागच्या चार महिन्यांतल्या संभाषणांतून आम्ही चाळीस उत्तरे निवडली. निम्मी अशांची होती ज्यांच्या छतावर पुढे काम झाले आणि निम्मी अशांची जे गळाले. प्रत्येकाचे फक्त पहिले उत्तर, नाव आणि शेवट झाकून, कागदावर छापले. ताईंनी आणि मालकांनी ती वेगवेगळी वाचून प्रत्येकापुढे ‘आजच’ किंवा ‘नंतर’ असे लिहिले आणि मग आम्ही शेवट उघडे केले.

पहिली गोष्ट अशी दिसली की उत्साहाचा आणि कामाचा जवळजवळ संबंध नव्हता. आभार, कौतुक आणि हात जोडल्याची खूण असलेली उत्तरे दोन्ही गठ्ठ्यांत सारखी विखुरलेली होती. मराठीत नकार देण्याची सभ्य पद्धत बहुधा आभारांतूनच जाते, हे आपण घरी रोज पाहतो. दुकानात बसले की ते विसरतो. ‘नक्की विचार करू आणि कळवू’ या वाक्यातला ‘नक्की’ बऱ्याचदा वाक्य संपवण्यासाठी असतो, वचन देण्यासाठी नसतो.

दुसरी गोष्ट अधिक कामाची होती. ज्यांचे काम पुढे झाले त्यांच्या उत्तरांत स्वतःच्या घराचा काहीतरी तपशील होता: ‘आमचं थ्री फेज आहे’, ‘गच्चीवर पाण्याची टाकी मध्येच येते’, ‘वरच्या मजल्यावर भाडेकरू आहेत, मीटर वेगळं आहे’. असा तपशील लिहिणाऱ्या माणसाने उत्तर लिहिण्यापूर्वी छतावर किंवा बिलावर एकदा नजर टाकलेली असते. म्हणजे थोडे काम त्याने आधीच केलेले असते. त्याच गठ्ठ्यात दुसऱ्या प्रकारचे प्रश्न होते, ते पॅनेल बसल्यानंतरच्या दिवसांबद्दलचे. ‘नेट मीटरचा अर्ज तुम्ही करता का आम्हाला महावितरणमध्ये जावं लागतं?’ किंवा ‘धुवायला कोण येतं?’ असे विचारणाऱ्याच्या मनात पॅनेल बसलेले असते. ‘किती खर्च येतो?’ हा प्रश्न मात्र दोन्ही गठ्ठ्यांत सारखाच होता. त्यामुळे किमतीची चौकशी ना चांगली खूण ठरली ना वाईट.

चाळीसपैकी अकरा उत्तरांवर ताईंचे आणि मालकांचे मत जुळले नाही, आणि त्यांतल्या काहींमध्ये ‘घरी विचारून सांगतो’ हे किंवा असेच वाक्य होते. असे वाक्य चाळीसांत एकूण सात उत्तरांत होते. मालकांनी सातही ‘नंतर’मध्ये टाकली होती. ताईंनी त्यांचे दोन भाग केले होते. ‘घरी विचारून सांगतो’ एवढेच असेल तर नंतर. पण ‘रविवारी मुलगा पुण्याहून येतोय, त्याला दाखवतो’ असे असेल तर आज. ताईंचे म्हणणे असे की पहिल्या वाक्यात घर हा आडोसा आहे, तर दुसऱ्यात घर म्हणजे एक ठरावीक माणूस आणि एक ठरावीक वार आहे. शेवट उघडल्यावर सातांपैकी पाच ठिकाणी ताईंचा अंदाज बरोबर निघाला. सात उत्तरांवरून नियम सिद्ध होत नाही, पण कोणता भेद तपासून पाहावा एवढे त्यातून कळले.

दोन वेगळे प्रश्न

या वाचनातून पहिला गुणतक्ता बनला आणि तो आठवडाभरात फसला. त्यात तपशील, पुढचे प्रश्न आणि निर्णय घेणारी व्यक्ती यांना गुण देऊन एकच बेरीज केली होती आणि सर्वाधिक बेरीज असलेल्यांना त्या दिवशी फोन जात असे. फसण्याचे कारण एका उत्तरातून स्पष्ट झाले: ‘बिल पाठवतो, थ्री फेज आहे, छत सिमेंटचं, पण वरचा मजला चढवायचाय, तो दिवाळीपर्यंत होईल.’ या माणसाला सहज वरचे गुण मिळाले. वीस मिनिटे बोलणेही झाले. पण दिवाळीपर्यंत त्याच्यासाठी करण्यासारखे काही नव्हते, आणि त्या वेळेत ज्याला फोन जायला हवा होता तो माणूस राहिला.

चांगले गिऱ्हाईक असणे आणि आजच लक्ष द्यावे लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची बेरीज केली की दोन्ही हरवतात. भाजीवाल्याला हे सांगावे लागत नाही. त्याच्याकडचा कांदा कोथिंबिरीपेक्षा जास्त किमतीचा असू शकतो, तरी सकाळी आधी विकायची असते ती कोथिंबीर. म्हणून उत्तराला विचारायचे प्रश्न दोन केले. हा माणूस काम करून घेण्याच्या किती जवळ आहे? याला आम्ही ‘बळ’ म्हटले. आणि हे उत्तर उद्यापर्यंत ठेवले तर काय बिघडेल? याला ‘घाई’ म्हटले. दोन्हींचे रकाने वेगळे ठेवले आणि त्यांची बेरीज करायची नाही असे ठरवले.

बळाचे गुण तीन गोष्टींना, प्रत्येकी दोन: स्वतःच्या घराचा, बिलाचा किंवा छताचा न विचारता दिलेला तपशील, बसवल्यानंतरच्या किंवा कागदपत्रांच्या टप्प्याबद्दलचा प्रश्न, आणि निर्णय कोण किंवा कधी घेणार याचा उल्लेख. म्हणजे सर्वाधिक सहा. घाईचे गुण ग्राहकाने स्वतः लिहिलेल्या वेळेवरूनच द्यायचे. आज-उद्याचा प्रसंग असेल तर दोन, या आठवड्यातला असेल तर एक, नाहीतर शून्य. ‘लवकर पाहिजे’, ‘अर्जंट’ अशा शब्दांना वेळ मानायचे नाही, कारण ते सवयीने लिहिले जातात. त्यांच्यामागे वार, तारीख किंवा घटना असेल तरच गुण मिळतो. या दोन रकान्यांच्या बाहेर एक खूण ठेवली. ज्या उत्तरात दिलेल्या माहितीवर अविश्वास, गैरसमज किंवा दुखावलेपण दिसेल तेथे ‘शंका’ लिहायचे आणि गुण न मोजता ते उत्तर त्याच दिवशी मालकांकडे द्यायचे.

गूगल शीटमध्ये बळ E रकान्यात, घाई F रकान्यात आणि खूण G रकान्यात येते. पुढचे काम एका सूत्राने होते:

```
=IF(G2="शंका","आज मालक",IF(AND(F2>=2,E2>=2),"आज फोन",IF(E2>=4,"आज एक ओळ","यादी")))
```

‘आज एक ओळ’ हा मधला वर्ग नंतर सुचला आणि मला तो या सगळ्यातला सर्वांत उपयोगी भाग वाटतो. त्याच दिवशी लक्ष देणे म्हणजे त्याच दिवशी फोन करणे, असे आम्ही गृहीत धरले होते. बळ जास्त आणि घाई कमी असलेल्या माणसाला फोन नको असतो. त्याचे उत्तर वाचले गेले, त्याने विचारलेल्या नेमक्या गोष्टीला उत्तर मिळाले आणि पुढे कधी बोलायचे ते ठरले, एवढे त्याला पुरते. त्याला दोन मिनिटे लागतात, वीस नाही.

यंत्राऐवजी माणसाने का वाचावे

मालकांच्या भाच्याने सुचवले की शब्द शोधून गुण आपोआप देता येतील: ‘नको’ आले की वजा, ‘पाहिजे’ आले की अधिक. दोन दिवस ते करून पाहिले. ‘आज नको, उद्या अकरानंतर या’ हे निमंत्रण त्यात नकार ठरले. ‘सबसिडी नाही मिळाली तरी चालेल, पण काम पावसाआधी पाहिजे’ या वाक्यातल्या ‘नाही’मुळे गुण कापले गेले, जरी चार महिन्यांत त्याहून पक्के वाक्य आले नसेल. शिवाय निम्मी उत्तरे रोमन लिपीत, प्रत्येकाच्या स्वतःच्या स्पेलिंगमध्ये येतात आणि बरेच लोक किलोवॉटला ‘केव्ही’ म्हणतात. तीन केव्ही म्हणजे तीन किलोवॉट हे ऐकणाऱ्याला कळते, यादीला कळत नाही.

‘आपण’ या शब्दाने तर वेगळाच पेच टाकला. ‘आपण कधी येऊ शकाल?’ यातला ‘आपण’ म्हणजे आदरार्थी तुम्ही. त्यातून माणूस सभ्य आहे एवढेच कळते. ‘आपण टाकीच्या मागच्या बाजूला बसवू’ यातला ‘आपण’ म्हणजे मी आणि तुम्ही मिळून. असे लिहिणाऱ्याने बसवणाऱ्याला आपल्या बाजूला घेतलेले असते, आणि जुन्या गठ्ठ्यात असा ‘आपण’ असलेली तिन्ही उत्तरे काम झालेल्यांची होती. भेद शब्दात नाही, क्रियापदाच्या रूपात आहे: ‘शकाल’ की ‘बसवू’. दिवसाला पंधरा उत्तरे असतील तर मराठी बोलणाऱ्या माणसाने ती वाचणे हाच स्वस्त मार्ग आहे, कारण त्याला एकूण अर्धा तास लागतो. दिवसाला पाचशे उत्तरे येत असती तर हिशेब वेगळा झाला असता.

एक सोमवार

पद्धत बसल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यातला एक सोमवार येथे सविस्तर देतो. रविवार धरून अकरा उत्तरे जमली होती.

सर्वांत वर होते ते असे: ‘खूपच छान माहिती दिलीत सर, मनापासून धन्यवाद! नक्की विचार करू आणि कळवू.’ बळ शून्य, घाई शून्य, यादी. पूर्वी याच माणसाला पहिला फोन गेला असता.

त्याखाली: ‘ताई, बिल पाठवलंय. मीटर सासऱ्यांच्या नावावर आहे, ते दोन वर्षांपूर्वी गेले. चालेल का?’ न विचारता दिलेला तपशील दोन, कागदपत्रांबद्दलचा प्रश्न दोन, एकूण बळ चार. वेळेचा उल्लेख नाही, म्हणून घाई शून्य. सूत्राने ‘आज एक ओळ’ दिले आणि ताईंनी लिहिले की अर्ज आणि अनुदान ज्याच्या नावावर वीजजोडणी आहे त्यालाच लागू होते, म्हणून आधी महावितरणकडे नावबदल करून घ्यावा, त्यासाठी कोणती कागदपत्रे लागतील ती उद्या पाठवते. हे उत्तर आठवडाभर पडून राहिले असते तरी त्या बाईंनी दुसरीकडे काम दिले नसते, कारण नावबदल झाल्याशिवाय ते कोणालाच देता येत नव्हते. पण नावबदलाचा आठवडा वाया गेला असता.

तिसरे उत्तर एका सोसायटीच्या सचिवांचे होते: ‘उद्या संध्याकाळी मीटिंग आहे. चेअरमन साहेब म्हणाले दोन कोटेशन पाहिजेत. लिफ्ट आणि पंपाचं बिल फार येतं.’ तपशील दोन, निर्णयाचा उल्लेख दोन, घाई दोन, आज फोन. मालकांनी येथे एक योग्य शंका काढली. ‘दोन कोटेशन पाहिजेत’ याचा अर्थ पुष्कळदा असा असतो की एक कोटेशन मनात ठरलेले आहे आणि दुसरे नोंदवहीसाठी हवे आहे. शब्दांवरून हे ओळखता येत नाही, फोनवर मात्र एका प्रश्नात कळते. म्हणून फोनची सुरुवात ‘पहिलं कोटेशन कोणाचं आणि किती किलोवॉटचं आलंय?’ अशी केली. सचिवांनी आढेवेढे न घेता सांगितले, तेव्हा स्पर्धा खरी आहे असे मानून त्याच संध्याकाळी कोटेशन दिले. सोसायटीच्या सामाईक सुविधांसाठी अनुदान किलोवॉटमागे १८,००० रुपये आहे आणि घरगुती ग्राहकाच्या ७८,००० रुपयांशी त्याचा संबंध नाही, हेही त्यात लिहिले, कारण पहिल्या कोटेशनमध्ये ते स्पष्ट नव्हते.

चौथे: ‘आज नको, उद्या सकाळी ११ नंतर या. अर्ध्या छतावर पत्रा आहे.’ तपशील दोन, उद्याची वेळ म्हणून घाई दोन, आज फोन. हा फोन तीन मिनिटांचा झाला, कारण ग्राहकाने स्वतःच वेळ दिली होती. फक्त उरलेल्या सिमेंटच्या छतावर किती मोकळी जागा आहे एवढे विचारायचे होते. एका किलोवॉटला ढोबळमानाने शंभर चौरस फूट सावलीविना जागा लागते, त्यामुळे फोनवरच अंदाज आला की तीन किलोवॉट सिमेंटवर मावतील आणि पत्र्यावर ढाचा उभारण्याची वेगळी उठाठेव टळेल.

पाचव्याची भाषा तिरकस होती: ‘तुमच्या माणसाने ७८ हजार परत मिळतील सांगितलं. शेजारी म्हणतो त्याला साठच मिळाले. खरं काय ते सांगा.’ जुन्या पद्धतीत हे उत्तर ‘भांडकुदळ’ म्हणून बाजूला पडले असते. नव्या तक्त्यात ते ‘शंका’ होते, म्हणून मालकांनी स्वतः फोन केला. केंद्राचे अनुदान एका किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० रुपये आणि तीन किंवा अधिकला ७८,००० रुपये असते. शेजाऱ्याने दोन किलोवॉट बसवले होते. दोघेही खरे बोलत होते. अनुदान कामानंतर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येते आणि त्यासाठी पॅनेल भारतात बनवलेल्या सेलची असावी लागतात, हे त्याच फोनवर सांगून टाकले. शंकेचे उत्तर शिळे होऊ देऊ नये यामागे व्यवहार आहे: आज जो प्रश्न विचारतो तो उद्या तोच प्रश्न शेजाऱ्यांच्या गटात उत्तर म्हणून लिहितो.

सहावे: ‘पावसाळ्यानंतर बघू. दिवाळीच्या आधी व्हायला पाहिजे, मुलीचं लग्न आहे.’ येथे ‘बघू’ आहे, पण पाठोपाठ तारीखही आहे. निर्णयाच्या काळाचे दोन गुण, घाई शून्य, म्हणून यादी. मात्र यादीतल्या ‘पुन्हा बोलावे’ या रकान्यात ताईंनी सप्टेंबरचा पहिला आठवडा लिहिला. ‘बघू’ एकटा असता तर तो रकाना कोरा राहिला असता.

उरलेल्या पाचांपैकी दोन ‘थ्री केव्हीचा रेट पाठवा’ अशी होती. त्यांना तयार दरपत्रक गेले. दोन नुसती अंगठ्याची खूण होती. शेवटचे एका शब्दाचे होते: ‘हो.’ त्याच्याकडे पुढे येतो.

म्हणजे अकरांतून तीन फोन, एक ओळ आणि दोन दरपत्रके. पाच फोनांची क्षमता असताना तीनच झाले. येथे मोह असा होतो की उंबरठा खाली आणून पाच पुरे करावेत. आम्ही तसे केले नाही. अशा उरलेल्या जागा नंतर कशासाठी वापरल्या ते पुढे येईल. परिणाम सांगायचा तर पत्र्याच्या छताचे काम त्याच महिन्यात झाले. शंका घेणाऱ्याने तीन किलोवॉट बसवले. सोसायटीने दुसऱ्याला काम दिले, कारण त्यांचा दर कमी होता. सासऱ्यांच्या मीटरवाल्या बाई नावबदल होऊन परत आल्या.

विचारण्याने उत्तर बदलते

पाचव्या आठवड्यात बळाचे आकडे अचानक फुगले. जवळजवळ प्रत्येकाला तपशिलाचे दोन गुण मिळू लागले आणि ‘आज एक ओळ’ची रांग लांबली. कारण साधे होते आणि चूक आमचीच होती. ताईंनी पहिला निरोप सुधारला होता. आधी तो ‘आपल्याला सोलरची माहिती हवी आहे का?’ असा होता. आता ‘मागच्या महिन्याचे बिल किती आले आणि छत सिमेंटचे की पत्र्याचे?’ असा झाला होता. निरोप चांगलाच सुधारला होता, कारण उत्तर देणे सोपे झाले. पण आता ‘३२००, सिमेंट’ हे उत्तर ग्राहकाने स्वतःहून केलेले काम नव्हते, विचारल्याचे उत्तर होते. तेच शब्द जुन्या निरोपाला आले असते तर त्यांचे वजन जास्त ठरले असते.

म्हणून तपशिलाचा नियम घट्ट केला: विचारलेल्याचे उत्तर शून्य, विचारलेल्यापलीकडे जे आले त्याला दोन. ‘३२००, सिमेंट, पण दक्षिणेला आंब्याची सावली पडते’ यातला आंबा मोजायचा. पहिला निरोप जेव्हा-जेव्हा बदलेल तेव्हा-तेव्हा शीटमध्ये त्याची तारीख लिहायची आणि जुन्या-नव्या गुणांची तुलना करायची नाही, हेही तेव्हाच ठरले. शब्दांवरून गुण देणारा कोणताही तक्ता त्या शब्दांआधी काय विचारले होते त्याला बांधलेला असतो. दुसऱ्याचा तक्ता उचलून आपल्याकडे वापरता येत नाही, त्याचे मुख्य कारण हेच.

‘हो’

दोन महिन्यांनी मालक खुश होते: ‘आज फोन’ वर्गातल्यांची कामे सर्वाधिक झाली होती. मला तो पुरावा वाटला नाही. ज्यांना गुण जास्त त्यांनाच त्या दिवशी फोन जात होता आणि ज्यांना फोन जातो त्यांची कामे होतातच. यादीतल्यांना फोनच न जाता ते गळत असतील तर तक्ता बरोबर आहे की त्याने स्वतःला बरोबर ठरवून घेतले आहे, हे कळायला मार्ग नव्हता. पाच फोनांतल्या उरलेल्या जागा तेव्हापासून यासाठी वापरल्या. रोज यादीतली दोन उत्तरे चिठ्ठी टाकून निवडायची आणि त्यांनाही त्याच दिवशी तसाच फोन करायचा.

त्या सोमवारचा ‘हो’ चिठ्ठ्या सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात निघाला. पलीकडून निवृत्त शिक्षकांचा आवाज आला. ‘ताई, मला ते बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून हो लिहिलं. बिल घेऊनच बसलोय.’ त्यांनी बारा आकडी ग्राहक क्रमांक वाचून दाखवला, गच्चीचे माप सांगितले आणि कोणाच्या नावावर मीटर आहे तेही सांगितले. लिहून दिले असते तर बळ सहा झाले असते. महिनाभरात चिठ्ठीतून निघालेल्यांत असे आणखी दोघे सापडले, एक शेतकरी आणि एक गॅरेजवाला. दोघांचीही उत्तरे एक-दोन शब्दांची होती.

यातून तक्त्याची खरी मर्यादा दिसली. शब्द वाचून गुण दिले की ज्यांना लिहायची सवय आहे त्यांना झुकते माप मिळते: नोकरदार, तरुण, बसून मजकूर लिहिणारे. पैसे, छत आणि इच्छा असूनही जो अंगठ्याने एकच अक्षर टाइप करतो तो खाली जातो. त्यामुळे दोन शब्दांपेक्षा लहान उत्तराला गुणच द्यायचे नाहीत असे ठरले. शून्य देणे वेगळे आणि न देणे वेगळे. अशा उत्तराला त्याच दिवशी ताई आवाजी निरोप पाठवतात, ‘दादा, बोलून सांगितलंत तरी चालेल’, आणि जे बोलून येते त्याला गुण मिळतात. आवाजी निरोप ऐकायला जास्त वेळ लागतो, म्हणून ते दुपारी जेवणानंतर एकदम ऐकले जातात.

चिठ्ठीची पद्धत अजून चालू आहे. मालकांना दर महिन्याला ती बंद करावीशी वाटते, कारण त्या दोन फोनांतून काम क्वचितच निघते. ताई ऐकत नाहीत. ज्या महिन्यात चिठ्ठीतल्या दोनपेक्षा जास्त उत्तरांची कामे होतील, त्या महिन्यात तक्त्याचे नियम पुन्हा उघडायचे, असे दोघांत ठरले आहे.